बारा बोअरची काडतुसं: बर्डशॉट, बकशॉट आणि स्लग, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नव्याने ट्रॅप शूटिंगला, म्हणजे उडत्या मातीच्या चकत्या फोडायला, किंवा शिकारीला जाणारी आपली मराठी मंडळी आणि गावाकडे आजोबांची लायसनची डबल बॅरल असलेले लोक, दोघांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. सगळे आकडे बारा बोअरचे आहेत आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर पावणेतीन इंची काडतुसाचे आहेत, म्हणजे भारतात ज्याच्यावर ७० मिलिमीटर लिहिलेलं असतं ते. इतर बोअरचं मधेमधे येईल, पण उगाच गुंता नको.

तिन्हीत नक्की फरक काय, एका वाक्यात सांगा ना?

काडतुसात साधारण एक औंस, म्हणजे २८ ग्रॅमच्या आसपास शिसं असतं, कधी थोडं जास्त कधी थोडं कमी, आणि ते शिसं किती तुकड्यांत वाटलंय एवढाच खरा फरक आहे. बर्डशॉटमध्ये त्याचे शेकडो बारीक छर्रे करतात, बकशॉटमध्ये वाटाण्याएवढे आठ-नऊपासून फार तर सत्तावीस, आणि स्लगमध्ये वाटणी नाहीच, अख्खी एकच गोळी. बंदूक तीच, नळी तीच, दारूही जवळपास तेवढीच. पण एका छर्‍याचं वजन बदललं की तो किती लांबपर्यंत जोर टिकवतो, किती आत शिरतो, आणि नेम चुकला तर कुठे जाऊन पडतो, हे सगळं बदलतं. खालची बाकीची उत्तरं या एकाच गोष्टीतून निघतात.

मग आकड्यांत सांगा, कशात किती छर्रे?

अमेरिकन मापाने बोलतोय. साडेसात नंबरचा बर्डशॉट घेतला तर एका औंसात साधारण ३५० छर्रे, सहा नंबरचे २२५, चार नंबरचे १३५. काडतुसात सव्वा औंस माल असेल तर सव्वापट करा, झालं.

बकशॉटमध्ये सगळ्यात जास्त चालणारा म्हणजे डबल ऑट, खोक्यावर दोन शून्यं लिहिलेली असतात. साध्या काडतुसात त्याचे ९ छर्रे येतात, कमी धक्क्याच्या काडतुसात बर्‍याचदा ८, जास्त माल भरलेल्या मॅग्नममध्ये १२, आणि तीन इंचीत १५. एक नंबरचा बक असेल तर १६ आणि चार नंबरचा बक असेल तर २७. आता इथे एक घोळ आहे तो आत्ताच लक्षात घ्या, चार नंबरचा बर्डशॉट आणि चार नंबरचा बकशॉट या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्याचा छर्रा ३.३ मिलिमीटरचा आणि दुसर्‍याचा ६.१ मिलिमीटरचा. दुकानात नुसतं "चार नंबर द्या" म्हणू नका.

स्लग म्हणजे एक. त्यात मोजायला काही नाही.

वजनाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, साडेसात नंबरचा एक छर्रा जेमतेम ०.०८ ग्रॅम, डबल ऑटचा एक साडेतीन ग्रॅम, आणि स्लग साधारण २८ ग्रॅम. म्हणजे डबल ऑटचा एक दाणा हा साडेसात नंबरच्या चाळीसहून जास्त दाण्यांच्या वजनाचा आहे. आणि नळीतून बाहेर पडताना बर्डशॉट आणि बकशॉटचा वेग जवळजवळ सारखाच असतो, सेकंदाला १२०० ते १३०० फुटांच्या घरात, स्लग थोडा जास्त, १५५० ते १६०० फूट. सुरुवात सारखीच असते, पुढे हवा कोणाला किती लवकर अडवते तिथे फरक पडतो.

नंबर वाढला की छर्रा बारीक का होतो? उलटं नाही का?

उलटंच वाटतं खरं, पण सवय होते. अमेरिकन बर्डशॉटसाठी एक सोपी युक्ती आहे, १७ मधून नंबर वजा करा, जे येईल ते इंचाच्या शंभराव्या भागात छर्‍याची जाडी. साडेसात नंबर, १७ वजा साडेसात म्हणजे साडेनऊ, म्हणून ०.०९५ इंच, २.४ मिलिमीटर. चार नंबर म्हणजे ०.१३ इंच. बकशॉटला हे लागू नाही हां, तिकडे वेगळा हिशोब आहे, तिकडे शून्यं जितकी जास्त तितका दाणा मोठा. डबल ऑट ८.४ मिलिमीटर, ट्रिपल ऑट ९.१.

आमच्याकडे आजोबा एलजी, एसजी म्हणायचे, ते यातलं कुठलं?

ती इंग्रजांची पद्धत, आणि भारतात अजून तीच चालते. एलजी म्हणजे ०.३६ इंचाचा दाणा, औंसाला सहा, अमेरिकन ट्रिपल ऑटच्या मापाचा. एसजी म्हणजे औंसाला आठ, तो डबल ऑटच्या मापाचा. एसएसजी त्याहून बारीक, औंसाला पंधरा. हे तिन्ही बकशॉटच समजा. मग खाली एएए येतो, औंसाला ३५, तो मधलाच प्रकार, आणि मग बीबी, औंसाला ७०, आणि मग नंबर सुरू होतात.

गंमत अशी की नंबरही जुळत नाहीत. इंग्लिश सहा नंबरात औंसाला २७० छर्रे आणि अमेरिकन सहा नंबरात २२५, म्हणजे इंग्लिश सहा जास्त बारीक आहे. बीबीचं तर आणखीच, इंग्लिश ७० आणि अमेरिकन ५०. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनणारी बारा बोअरची काडतुसं इंग्लिश वळणाची आहेत, तेव्हा पुण्यातला माणूस आणि न्यू जर्सीतला माणूस "सहा नंबर" म्हणतात तेव्हा ते वेगवेगळ्या छर्‍याबद्दल बोलत असतात. वाद घालायच्या आधी कुठल्या देशाचं खोकं हातात आहे ते बघा.

बारा बोअर म्हणजे काय बारा मिलिमीटर का?

नाही. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोल गोळ्या केल्या तर त्यातली एक जिथे बसेल ती नळी बारा बोअर. आतून साधारण १८.५ मिलिमीटर. म्हणून वीस बोअर ही बारापेक्षा लहान, १५.६. चारशेदहा मात्र या पद्धतीत नाही, तिथे आकडा सरळ इंचाच्या हजाराव्या भागात आहे.

खोक्यावरचं सगळं कसं वाचायचं?

ट्रॅपच्या काडतुसाच्या खोक्यावर साधारण अशी ओळ असते: १२, मग २¾, मग ३, मग १⅛, मग ७½. पहिला बोअर, दुसरी काडतुसाची लांबी इंचात, चौथा शिशाचं वजन औंसात, पाचवा छर्‍याचा नंबर. तिसरा आकडा लोकांना कळत नाही, तो ड्रॅममध्ये असतो, आणि त्याचा अर्थ आत तेवढी दारू भरलीय असा नाही. पूर्वीच्या काळ्या दारूचे तीन ड्रॅम भरले असते तर जो वेग आला असता तेवढा वेग, असं ते जुनं माप आहे. अजून छापतात, सवयीने.

बकशॉटच्या खोक्यावर वजनाऐवजी दाण्यांची संख्या लिहितात. बर्डशॉटचं खोकं बहुतेक वेळा पंचवीसचं असतं, बकशॉट आणि स्लगचं पाचचं. त्यावरूनच कळतं कोणतं किती उडवायचं असतं ते.

लांबीचं एवढं काय आहे? बसलं म्हणजे झालं ना?

इथे खरंच लक्ष द्या. काडतुसाची जी लांबी लिहितात ती उडाल्यानंतरची, म्हणजे तोंडाची घडी उघडल्यावरची असते. त्यामुळे तीन इंची काडतूस न उडवलेलं असताना पावणेतीन इंची चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, आरामात बसतं, बंदूक बंदही होते, आणि उडवलं की घडी उघडायला जागाच नाही म्हणून ती पुढच्या निमुळत्या भागात शिरते आणि दाब वाढतो. जुन्या इंग्लिश डबल बॅरल तर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर चेंबरच्या असतात, त्यात ७० चं काडतूसही घालायचं नाही. नळीवर किंवा खालच्या सपाट भागावर कोरलेलं असतं, वाचता येत नसेल तर बंदूकवाल्याकडून मोजून घ्या. वारसाने आलेल्या बंदुकीच्या बाबतीत मी तर म्हणेन आधी दाखवा आणि मगच काडतूस घ्या.

आणि दुसरं, बारा आणि वीसची काडतुसं एका खिशात कधीच नको. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून पुढे सरकतं आणि नळीच्या सुरुवातीला अडकतं, बाहेरून दिसत नाही. बार झाला नाही म्हणून माणूस मागून बाराचं भरतो आणि उडवतो, आणि नळी डाव्या हाताजवळ फाटते. याच कारणासाठी वीसची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात.

बर्डशॉटचा पल्ला किती?

कामाचा पल्ला २५ ते ४० यार्ड, म्हणजे २३ ते ३६ मीटर. त्याच्या पुढे दोन गोष्टी एकदम बिघडतात, छर्रे पांगतात आणि प्रत्येकाचा जोर जातो. हलका दाणा हवेत फार पटकन मंदावतो, साडेसात नंबरचा छर्रा चाळीस यार्डांवर पोचेपर्यंत त्याचा वेग निम्म्यावर येतो, आणि वेग निम्मा म्हणजे जोर पाव.

पांगण्याचा हिशोब चोकवर असतो, चोक म्हणजे नळीचा तोंडाशी थोडासा आवळलेला भाग. ठरलेली पद्धत अशी की चाळीस यार्डांवर कागद लावायचा, एक बार टाकायचा, जिथे जास्तीत जास्त भोकं पडली तिथे ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. एकूण छर्‍यांपैकी ७० टक्के आत आले तर फुल चोक, ६० आले तर मॉडिफाइड, ५० इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, आणि चोकच नसेल, म्हणजे नुसतं सिलिंडर, तर साधारण ४०.

एखादं उदाहरण करून दाखवा, नुसत्या टक्क्यांनी काही कळत नाही.

करू या. ट्रॅपची मातीची चकती घ्या, अमेरिकेत ती सव्वाचार इंच व्यासाची असते. काडतूस १⅛ औंस, साडेसात नंबर. ३५० गुणिले १⅛ म्हणजे साधारण ३९४ छर्रे. मॉडिफाइड चोक, चाळीस यार्ड, ६० टक्के, म्हणजे तीस इंची वर्तुळात २३६. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ७०७ चौरस इंच, तेव्हा दर तीन चौरस इंचाला एक छर्रा पडतो.

चकती पूर्ण तोंड करून दिसली तर तिचं क्षेत्रफळ १४ चौरस इंच, म्हणजे चार-पाच छर्रे लागणार, फुटली. पण ट्रॅपमध्ये चकती तुमच्यापासून लांब जात असते, तुम्हाला दिसते ती तिची कड, आणि कडेचं क्षेत्रफळ साडेचार चौरस इंचांच्या आसपास. म्हणजे सरासरी दीड छर्रा. सरासरी दीड म्हणजे कधी तीन, कधी एक, आणि कधी एकही नाही. नेम बरोबर असून चकती तशीच पुढे जाते ती अशी, आणि म्हणून लांबून मारणारे लोक फुल चोक लावतात.

आता तोच बार चार नंबरच्या बर्डशॉटने करा. छर्रे १५२, वर्तुळात ९१, दर पावणेआठ चौरस इंचाला एक, कडेवर सरासरी अर्ध्यापेक्षा जरा जास्त. प्रत्येक दाणा तिप्पट-अडीचपट वजनाचा आहे पण चकतीला तो लागतच नाही, आणि चकती फुटायला एवढा जोर लागतही नाही. आणि डबल ऑट घेतला तर? त्या अख्ख्या तीस इंची वर्तुळात पाच दाणे. उडत्या पक्ष्यावर बकशॉट का मारत नाहीत याचं उत्तर हेच. हवेत हलणार्‍या छोट्या गोष्टीसाठी दाण्यांची गर्दी लागते.

ऑलिंपिक ट्रॅपला तर फक्त २४ ग्रॅमचं काडतूस असतं, म्हणजे साडेसात नंबरचे तीनशेच्या आत छर्रे, आणि चकती ११० मिलिमीटरची. तेवढ्यात फोडतात ती माणसं.

बर्डशॉटचा कुठला नंबर कशाला?

मातीच्या चकत्या आणि कबुतरासारखे छोटे पक्षी असतील तर साडेसात, आठ, स्कीट या चकत्यांच्याच दुसर्‍या खेळाला नऊ. फेझंटला पाच-सहा. टर्कीला चार, पाच, सहा, पण ती बसलेली असते आणि डोक्या-मानेवर नेम धरायचा असतो म्हणून एकदम आवळ चोक.

बदकांचं वेगळं आहे. अमेरिकेत १९९१ पासून देशभर पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे बंद आहेत, कारण तळ्याच्या गाळात पडलेले छर्रे बदकं खड्याबरोबर गिळतात आणि शिशाने मरतात. त्यामुळे तिथे स्टीलचे छर्रे वापरतात. स्टील शिशापेक्षा बरंच हलकं, म्हणून तेवढाच जोर हवा तर दोन नंबर मोठा छर्रा घ्यायचा, शिशाचा चार वापरत असाल तर स्टीलचा दोन. आणि जुन्या बंदुकीत स्टील घालायच्या आधी विचारा, मऊ नळीला आणि जुन्या फुल चोकला ते झेपत नाही.

जेवताना दातांखाली छर्रा येतो हे मात्र दोन्हीत सारखंच. स्टीलचा आला तर दात जातो.

आणि बकशॉटचा पल्ला?

साध्या काडतुसाचा २५ यार्डांपर्यंत धरा, चांगला चोक आणि चांगलं काडतूस असेल तर ३५-४०. इथे लोक मला म्हणतात, अरे पण दाणा जड आहे, जोर तर लांबपर्यंत टिकतो. टिकतो, अगदी बरोबर. प्रश्न जोराचा नाही, प्रश्न नऊच दाणे आहेत आणि ते पांगतात हा आहे.

ढोबळ हिशोब असा चालतो की बिनचोकच्या नळीतून दर यार्डाला एक इंच पांगतं. हरणाचं काळीज-फुप्फुस जिथे असतं तो भाग साधारण आठ इंचाचा धरा. पंधरा यार्डांवर पांगलेलं वर्तुळ पंधरा इंचाचं, त्यात आठ इंचाचा भाग म्हणजे जवळपास २८ टक्के, नवातले अडीच. पंचवीस यार्डांवर तो भाग १० टक्क्यांवर येतो, म्हणजे नवातला एकच. प्रत्यक्षात मध्यभागी दाणे जरा दाट पडतात म्हणून एखादा जास्त लागेल, पण चाळीस यार्डांवर बाकीचे दाणे कुठे जातात? पोटात, पायात, नाहीतर मागच्या झाडीत. जनावर लगेच पडत नाही, जखमी होऊन पळतं आणि दोन दिवसांनी कुठेतरी मरतं. म्हणून मोजायचं ते दाणा कुठवर जातो हे नाही, तुमच्या बंदुकीतून किती लांबपर्यंत सगळे दाणे त्या आठ-दहा इंचांत पडतात हे. ते कागदावर बघूनच कळतं, आणि कंपनी बदलली की परत बघावं लागतं. एकाच मापाचं डबल ऑट, पण वॅड, म्हणजे दारू आणि दाण्यांच्या मधलं बूच, वेगळी असली, दाण्यांवर तांब्याचा मुलामा असला, मधे प्लॅस्टिकचा भुसा भरलेला असला, तर पसारा निम्मा होऊ शकतो. मऊ शिशाचा दाणा बार होताना चेपतो, आणि चेपलेला दाणा सरळ जात नाही.

मग बकशॉट नेमका कशासाठी?

नावातच बक आहे, नर हरिण. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या काही राज्यांत दलदलीच्या दाट झाडीत कुत्री सोडून हरणं उठवतात, हरिण जवळून आणि पळत जातं, तिथे बकशॉट चालतो. त्याशिवाय पोलीस आणि सैन्य. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी खंदकात नेलेल्या शॉटगनमध्ये नऊ दाण्यांचा डबल ऑटच होता, आणि १९१८ मध्ये जर्मनीने त्याबद्दल रीतसर निषेध नोंदवला होता. तेव्हाची कागदी काडतुसं चिखलात फुगायची म्हणून पितळी करून घेतली. चार नंबरचा बक कोयोटीसारख्या मधल्या जनावरांना.

स्लगमध्ये एकच गोळी, मग ती रायफलसारखी लांब जाईल ना?

जाईल, पण रायफलसारखी नाही. साधी गुळगुळीत नळी, साधा स्लग, तर ७५ यार्डांपर्यंत भरवसा, चांगल्या हाताला १००. पन्नास यार्डांना नेम जुळवला तर शंभरला गोळी अंदाजे पाच-सहा इंच खाली जाते. गोळी जाड आणि बुटकी असल्याने हवा तिला फार अडवते.

साधा स्लग दोन प्रकारचा मिळतो. ब्रेनेके, जर्मनीत १८९८ मध्ये विल्हेल्म ब्रेनेके याने काढलेला, भरीव असतो आणि मागे वॅड जोडलेलीच असते. आणि फॉस्टर, १९३१ मध्ये अमेरिकेत कार्ल फॉस्टरने काढलेला, तो मागून पोकळ असतो. वजन सगळं पुढे आणि शेपूट हलकी, त्यामुळे बॅडमिंटनच्या फुलासारखा तो आपोआप तोंड पुढे करून सरळ राहतो. त्याच्या अंगावरच्या तिरक्या रेघांमुळे तो गरगर फिरतो असं सगळे सांगतात, पण ते फिरणं अगदीच किरकोळ, त्या रेघांचं खरं काम म्हणजे चोकमधून जाताना शिशाला दबायला जागा मिळावी.

तिसरा सॅबो स्लग. ही बारीक गोळी प्लॅस्टिकच्या खोळीत असते, आणि त्याला आतून आटे पाडलेली नळी लागते, मग दीडशे यार्ड आणि त्याच्या पुढेही जातं. गुळगुळीत नळीतून सॅबो मारलात तर गोळी फिरत नाही, कुठेही लागते, आणि हे काडतूस सगळ्यात महाग असतं. उलट फॉस्टर आट्यांच्या नळीतून मारला तर शिसं आट्यांत भरून बसतं आणि साफ करताना जीव जातो.

स्लग कोण वापरतं, हातात सरळ रायफल असताना?

ज्यांना रायफल वापरायची परवानगी नाही ते. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत सपाट शेती, मधेमधे घरं, तिथे रायफलची गोळी मैलभर जाते म्हणून हरणांच्या हंगामात बरीच वर्षं शॉटगनच चालायची. ओहायोचंच घ्या, तिथल्या नियमात हरणासाठी शॉटगनमधून एका नळीत एकच गोळी किंवा एकच स्लग चालतो, बकशॉट चालत नाही. २०१४ पासून तिथे सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी अरुंद न होणार्‍या, काडतुसाच्या रायफलही चालायला लागल्या, तेव्हापासून स्लगवाले कमी झालेत, पण संपले नाहीत. शेजारच्या राज्यात नियम वेगळे असू शकतात, दरवर्षीचं पुस्तक बघा. अलास्कात अस्वलाच्या भागात मासे मारायला जाणारे लोकही बरोबर स्लग ठेवतात.

धक्का किती बसतो विचाराल तर खांद्याला कळतं. ट्रॅपची शंभर काडतुसं उडवणारा माणूस स्लगच्या पाचात थांबतो.

फुल चोकमधून स्लग चालतो का?

फॉस्टर दबून निघून जातो, बहुतेक कंपन्या तसं सांगतात, पण नेमही चांगला राहत नाही आणि उगाच कशाला. सिलिंडर नाहीतर इम्प्रूव्ह्ड सिलिंडर लावा. टर्कीचा एक्स्ट्रा फुल चोक लावलेला विसरून स्लग भरणं मात्र साफ चूक, बंदूक हातात घेतली की आधी नळीच्या तोंडाला काय लावलंय ते बघायची सवय लावा, अर्थात ती रिकामी आहे याची खात्री करून.

शॉटगनला नेम धरावा लागत नाही म्हणतात, खरं आहे का?

सिनेमात. पाच यार्डांवर, म्हणजे हॉलच्या एका टोकापासून दुसर्‍या टोकापर्यंत, सगळा बार पाच इंचांच्या आत असतो, मूठभर जागा. नेम चुकला तर अख्खा बारच चुकला.

चुकलेला छर्रा शेवटी जातो कुठे?

हा प्रश्न लोक सगळ्यात कमी विचारतात म्हणून मुद्दाम घातलाय. कामाचा पल्ला वेगळा आणि पडण्याचा पल्ला वेगळा. गोल छर्‍यासाठी जुना नियम आहे, दाण्याची जाडी इंचात घ्या, २२०० ने गुणा, तेवढे यार्ड तो जास्तीत जास्त जाऊ शकतो. साडेसात नंबर, ०.०९५ गुणिले २२००, साधारण २१० यार्ड. डबल ऑट, ०.३३ गुणिले २२००, ७२५ यार्डांच्या आसपास, म्हणजे ६६० मीटर. ज्याचा कामाचा पल्ला पंचवीस-तीस यार्ड तो दाणा अर्ध्या किलोमीटरच्या पुढे जाऊन कोणाच्या तरी अंगणात पडू शकतो, आणि असे नऊ दाणे एकदम सुटलेले असतात.

ट्रॅपच्या क्लबात साडेसातपेक्षा मोठा छर्रा का चालत नाही आणि समोर तीनशे यार्ड मोकळी जागा का ठेवतात, ते यावरून कळेल. नवीन माणूस घरात पडलेलं सहा नंबरचं खोकं घेऊन येतो आणि गेटवर परत पाठवला की रागावतो. स्लगचं तर बोलायलाच नको, मागे मातीचा बांध नसेल तर उडवायचाच नाही. लाकडी फळ्यांच्या घरात त्याला एक भिंत म्हणजे काहीच नाही, आणि बकशॉटलाही फारशी नाही.

भारतात यातलं काय वापरता येतं?

बारा बोअरला लायसन लागतं, आणि काडतुसंही लायसनवरच मिळतात, किती घ्यायची तेही त्यावर लिहिलेलं असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, तितर-ससा धरून, "एक तितर तर मारला" हे कोर्टात चालत नाही. रानडुक्कर किंवा रोही शेतीचं नुकसान करत असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते, नंतर नाही. म्हणजे व्यवहारात आपल्याकडे बारा बोअर म्हणजे शेतराखण, बँकेबाहेरचा वॉचमन आणि ट्रॅप-स्कीटचे खेळाडू. खेळाडूंची काडतुसं साडेसात नाहीतर नऊ नंबरची, वॉचमनच्या पट्ट्यात बर्‍याचदा एलजी नाहीतर एसजी, आणि ती कधीकधी इतकी जुनी असतात की पितळ हिरवं पडलेलं असतं.

जुनी काडतुसं चालतात का मग?

कोरड्या जागी ठेवलेली, सरळ, न फुगलेली प्लॅस्टिकची काडतुसं बरीच वर्षं टिकतात. कागदी असतील, तोंडाची घडी सैल झाली असेल, पितळावर हिरवं चढलं असेल किंवा चेंबरमध्ये बोटाने ढकलून सहज जात नसेल तर उडवू नका. ओल खाल्लेलं काडतूस कधीकधी "फुस्स" करतं, नेहमीचा आवाज नाही, धक्का नाही. अशा वेळी नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून अर्धा-एक मिनिट थांबा, मग उघडा, बाकीची काडतुसं काढा आणि नळीतून आरपार बघा. वॅड किंवा स्लग आत अडकलेला असू शकतो, आणि त्याच्यावर दुसरा बार टाकला तर नळी फुटते. उजेड आरपार दिसला नाही तर ती बंदूक त्या दिवशी परत भरायची नाही.